नवीन नळाच्या पाण्याला लोखंडाची चव : दोष पाइपाचा की बोअरचा?

डहाणू-तलासरी भागात गेल्या काही वर्षांत वस्तीवस्तीत पाइप पडले. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झाल्यापासून गावोगाव घरापर्यंत नळ आणायचे काम निघाले. कुठे जुनी गंजलेली लाइन बदलली, कुठे घरकुल पूर्ण झाले आणि प्लंबरने नवी जोडणी करून दिली. नळ आल्याचा आनंद होतो आणि तिसऱ्याच दिवशी घरातून तक्रार येते. पाणी कडवट लागते, तोंडात नाणे धरल्यासारखी चव येते, चहा काळा होतो. मग एक तर बाया पुन्हा हंडा घेऊन जुन्या विहिरीवर जातात, नाहीतर "नवीन आहे, होईल हळूहळू नीट" म्हणून सगळे घर तेच पाणी पीत राहते. दोन्ही गोष्टी तपासणी न करताच होतात. ही तपासणी घरी करता येते. तिला तीन बाटल्या आणि एक सकाळ लागते.

आधी एक गोष्ट विचारून घ्या. चव घरातल्या सगळ्यांना लागते का? एकट्यालाच लागत असेल तर दोष बहुधा पाण्यात नसतो. लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला तोंडात धातूची चव येते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल घेणाऱ्याला तर पाणी, भाकरी, सगळेच कडू लागते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतही असे होते. हिरड्यांतून रक्त येत असेल तरी तीच चव. आणि पाणी कशात ठेवले आहे तेही बघा. कल्हई उडालेला पितळेचा हंडा किंवा तांब्याचा तांब्या असेल तर नळाला दोष देण्याआधी तेच पाणी थेट नळातून स्टीलच्या पेल्यात घेऊन चाखा.

सगळ्यांना चव लागत असेल तर पुढचा प्रश्न असा की ही चव पाण्यात कुठे मिसळते. पाणी जमिनीतून किंवा धरणातून निघते, टाकीत येते, मोठ्या लाइनीतून वस्तीत येते, मग आपल्या घराच्या बारीक पाइपातून नळाला येते. पाइपात रात्रभर थांबलेले पाणी पाइपातले पदार्थ ओढून घेते. जितका वेळ थांबेल तितके जास्त. म्हणून दोष पाइपाचा असेल तर पहिले पाणी सर्वांत वाईट लागते आणि थोडे वाहून गेल्यावर चव कमी होते. दोष उगमाचा असेल तर कितीही पाणी सोडा, चव तीच राहते. सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

तीन बाटल्या

रात्री झोपताना नळ बंद करा आणि सकाळपर्यंत कोणीही उघडू नका. निदान सहा तास पाणी पाइपात थांबले पाहिजे. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर नळाला येणारे अगदी पहिले पाणी धरा. स्वच्छ धुतलेली एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या आणि एक थेंबही वाया न घालवता पहिल्या धारेखाली भरा. ही पहिली बाटली. मग नळ पूर्ण उघडा, एक मोठी बादली भरून घ्या आणि त्यानंतर दुसरी बाटली भरा. तिसरी बाटली उगमावरची. बोअर असेल तर पंप चालू असताना टाकीच्या तोंडाशी, विहीर असेल तर विहिरीतून, नगरपरिषदेची लाइन असेल तर वस्तीत शिरण्याआधीच्या एखाद्या जुन्या नळावरून. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून 1, 2, 3 लिहा, तारीख आणि वेळ टाका.

बादली एकच का, असे कोणी विचारेल. घरातल्या अर्ध्या इंची पाइपात एका मीटरला जेमतेम पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. मुख्य लाइनीपासून तुमच्या नळापर्यंत 15 मीटर पाइप असेल तर त्यात पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी आहे. म्हणजे 15 लिटरची एक बादली भरली की घराचा पाइप पाच वेळा धुतला गेला. पाणी फुकट जाते म्हणून अनेक जणी पाइप धुवायला धजत नाहीत, आणि जिथे पाणी दिवसाला पाऊण तास येते तिथे ते साहजिक आहे. पण ती बादली फेकायची नसतेच. तिने कपडे धुवा, संडासाला वापरा, अंगणात शिंपडा. पोटात मात्र जाऊ देऊ नका.

आता तिन्ही बाटल्या ओळीने ठेवा. रंग बघा, झाकण उघडून वास घ्या, जिभेवर थोडे घेऊन थुंका. मग तासभर तशाच उघड्या ठेवा आणि पुन्हा बघा. लोह असलेले बोअरचे पाणी बाहेर येताना अगदी स्वच्छ दिसते. त्याला हवा लागली की ते पिवळसर होते आणि तळाला तांबूस गाळ बसतो. जमिनीत ते लोह विरघळलेले असते, हवेने त्याचा गंज होतो.

लोह ओळखायची एक घरगुती खूणही आहे. पेरूची चार-पाच पाने चुरगळून पेल्यातल्या पाण्यात टाका आणि पाव तास थांबा. लोह असेल तर पाणी जांभळट काळे होत जाते. शेजारी विहिरीच्या गोड पाण्याचा पेला अशीच पाने टाकून ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. पेरूच्या पानांत तुरट द्रव्य असते, ते लोहाशी मिळून काळे होते. चहाच्या पत्तीतही तेच द्रव्य असते, म्हणून अशा पाण्याचा चहा काळपट होतो. या चाचणीने किती लोह आहे ते कळत नाही. आहे की नाही, एवढेच कळते.

एक उदाहरण

आपल्या भागात नेहमी दिसणारी मांडणी घेऊ. तलासरीकडच्या एका वस्तीत बोअर आहे. बोअरमध्ये लोखंडी पाइपावर पंप सोडला आहे, वर 5000 लिटरची काळी प्लास्टिक टाकी, तिथून काळा प्लास्टिक पाइप वस्तीत फिरवला आहे आणि प्रत्येक दारात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपाचा तुकडा उभा करून पितळेचा नळ बसवला आहे. काम उन्हाळ्यात झाले. बोअर त्याआधी वर्षभर बंद होते.

तीन बाटल्या भरल्या. पहिली किंचित दुधट, चव कडक, तुरट, जीभ आकसल्यासारखी. दुसरी त्यापेक्षा बरी, तरी लोखंडाची चव आहेच. तिसरी काढताना स्वच्छ, तासाभराने पिवळसर. पेरूच्या पानांनी तिन्ही पेले काळे झाले.

पहिली आणि दुसरी यांतला फरक हा घराजवळच्या पाइपाचा. नव्या गॅल्व्हनाइज्ड पाइपावर जस्ताचा थर असतो. थांबलेल्या पाण्यात ते थोडे थोडे उतरते. दुधट रंग आणि तुरट चव त्याची. असे पाणी उकळले की वर तेलकट साय दिसते. त्यात भर पडते ती पाइपाला आटे पाडताना लावलेल्या तेलाची आणि जोडावर गुंडाळलेल्या सुताला फासलेल्या सफेद्याची. सफेद्याबद्दल पुढे सांगते. तिसऱ्या बाटलीतले लोह मात्र बोअरमधूनच येते. ते पाइप धुऊन जाणार नाही.

तरी लगेच बोअर वाईट ठरवायचे नाही. वर्षभर बंद पडलेल्या बोअरमध्ये पाणी साचून असते आणि पंपाच्या लोखंडी पाइपाला गंज धरलेला असतो. म्हणून पंप एकदा दोन तास सलग चालवून पाणी बाहेर सोडून द्यायचे, टाकीत घ्यायचे नाही. सुरुवातीला, एक तासाने आणि दोन तासांनी अशा तीन वेळा पेला भरून पेरूची पाने टाकायची. काळेपणा प्रत्येक वेळी फिका होत गेला तर साचलेल्या पाण्याचा दोष होता, तो निघून चालला. तिन्ही पेले सारखेच काळे राहिले तर लोह जमिनीतल्याच पाण्यात आहे. आपल्या उदाहरणात पेले सारखेच राहिले असे धरू. मग घराघरात नळ धुण्यात वस्तीचा वेळ जाऊ नये. ग्रामपंचायतीकडे मागणी करायची ती लोह काढायच्या व्यवस्थेची किंवा दुसऱ्या उगमाची.

तोपर्यंत घरी काय करावे? पाणी एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात उंचावरून आठ-दहा वेळा ओता, म्हणजे हवा मिसळते. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचे पाणी न हलवता दुहेरी कपड्यातून गाळून घ्या, तळाचा तांबूस भाग झाडांना टाका. लोह बरेच कमी होते. अशा पाण्याने भात पिवळट होतो, कपड्यांवर डाग पडतात, पण चव वाईट लागते म्हणून ते विषारी असते असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे आणि त्याचे मुख्य कारण चव, रंग आणि डाग हेच आहे. उलट बाजूने, "पाण्यात लोह आहे म्हणजे रक्त वाढेल" असे समजून गरोदर बाईने गोळ्या बंद करू नयेत.

पाइप धुण्याची रीत

तिसरी बाटली चांगली निघाली आणि पहिली वाईट, तर पाइप धुवायचा. आधी मोठी लाइन, मग घराची. वस्तीच्या 90 मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सुमारे पाच लिटर पाणी मावते. म्हणजे 200 मीटर लाइनीत हजारभर लिटर. ते घरच्या नळातून धुतले जात नाही. लाइनीच्या शेवटी धुण्यासाठी व्हॉल्व्ह असतो, तो उघडून पाणी जोरात सोडणे हे ठेकेदाराचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. काम ताब्यात घेण्याआधी ते झाले का, हे ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने विचारावे. शेवटचा व्हॉल्व्ह ठेवलेलाच नसेल तर शेवटच्या घराच्या नळाला सगळ्या वस्तीची माती येत राहते.

घरात धुताना नळाच्या तोंडाची जाळी काढा. तिच्यात पाइपाचा कीस, वाळू आणि सुताचे तुकडे अडकून बसतात आणि प्रत्येक थेंब त्यावरून वाहतो. घरावर टाकी असेल तर टाकीकडे जाणारा पाइप तात्पुरता सोडवून बादलीत घ्या, नाहीतर सगळी घाण टाकीत जाऊन बसेल. मग नळ पूर्ण उघडा. बारीक धारेने पाइप धुतला जात नाही, जोर लागतो. पाणी स्वच्छ येऊ लागले तरी आणखी एक बादली जाऊ द्या. पुढे पंधरा-वीस दिवस रोज सकाळची पहिली बादली वापराच्या कामाला ठेवा. नव्या पाइपाच्या आतून हळूहळू पापुद्रा धरतो आणि चव कमी होत जाते. महिन्याने पुन्हा पहिली आणि दुसरी बाटली भरून बघा. पहिलीची चव तशीच कडक असेल तर तो पाइप किंवा नळ हलक्या मालाचा समजावा.

प्लास्टिक पाइपाचे जोड डिंकासारख्या द्रावणाने चिकटवतात. त्याची चव धातूची नसते, औषधी आणि जळजळीत असते आणि वास रंगाच्या डब्यासारखा येतो. जोड वाळायच्या आत पाणी सोडले की हे होते. प्लंबरला सांगून एक दिवस लाइन कोरडी ठेवली असती तर झाले नसते. आता झालेच असेल तर धुऊन धुऊन जाते, पण वास जाईपर्यंत ते पाणी पिऊ नये.

आणखी एक कडू चव नेहमी चुकीच्या जागी मोजली जाते. नवीन लाइन किंवा टाकी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर टाकतात. जास्त पडली की पाणी कडवट लागते आणि दवाखान्यासारखा वास येतो. पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवले की ती चव उतरते, धातूची चव उतरत नाही. नेहमीच्या वापरासाठी 1000 लिटरला सुमारे 5 ग्रॅम पावडर टाकतात आणि अर्धा तास थांबतात. जलसुरक्षक ओ.टी. चाचणी करून पिवळा रंग बघतो. पण पाण्यात लोह जास्त असेल तर ते क्लोरिन खाऊन टाकते, आणि मापाप्रमाणे पावडर टाकूनही नळाला रंग येत नाही. अशा वस्तीत पावसाळ्यात जुलाबाची साथ लवकर पसरते, म्हणून लोहाचा प्रश्न नुसता चवीचा म्हणून सोडू नये.

डहाणूच्या किनाऱ्याकडच्या आणि खाडीकाठच्या वस्त्यांनी अजून एक शक्यता धरावी. तिथली मचूळ, खारट-कडवट चव पाइपाची नसते. बोअरमध्ये खारे पाणी चढलेले असते. फेब्रुवारीनंतर चव वाढते आणि पावसाने उतरते, ही तिची ओळख. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. ओतून, निवळून किंवा गाळून ती जात नाही.

चव नसलेला धातू

शिसे. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. म्हणून "आता चव गेली, पाणी चांगले झाले" हे वाक्य शिशापुरते खोटे आहे. ते येते हलक्या पितळी नळांतून आणि जोडांतून, जुन्या पद्धतीच्या सफेद्यातून, डाग देऊन केलेल्या जोडांतून आणि शिसे वापरून बनवलेल्या पीव्हीसी पाइपातून. पीव्हीसी पाइपांतील शिशावर केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. तरी हलका माल बाजारात मिळत राहतो.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मुलांसाठी नवेकोरे मोठे रुग्णालय बांधले. 2016 मध्ये तपासणीत नळाच्या पाण्यात शिसे सापडले. पाइप पुन्हा पुन्हा धुतले, तरी प्रमाण उतरेना. शेवटी संशय पितळी जोडभागांवर गेला, आणि रुग्णालय 2018 मध्ये उघडले. एवढा पैसा आणि एवढी देखरेख असलेल्या इमारतीत हे होते, तर आपल्या दारातल्या सर्वांत स्वस्त नळाबद्दल थोडी शंका धरायला हरकत नाही. नळ विकत घेताना आयएसआय खूण बघा, जोडाला सफेद्याऐवजी टेफ्लॉन टेप लावायला सांगा. गरोदर बाई, पावडरचे दूध पिणारे बाळ आणि पाच वर्षांखालची मुले घरात असतील तर रात्रभर थांबलेले पाणी त्यांच्यासाठी कधीच वापरू नका, चव असो वा नसो. वाढत्या मेंदूला शिसे थोडे असले तरी बाधते.

उकळल्याने जंतू मरतात. धातू मरत नाही. उलट पाणी आटले की तोच धातू कमी पाण्यात उरतो. क्लोरिनच्या गोळीचेही तसेच. आणि फिल्टर विकायला दारात येणारा माणूस पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होते आणि तो म्हणतो, बघा किती घाण. ती घाण त्याच्या लोखंडी सळीची असते. सळी विरघळून तो गाळ होतो. चांगल्या विहिरीच्या पाण्यातही तेच होईल. खिशातल्या टीडीएस मीटरने क्षार किती ते कळते, शिसे कळत नाही.

कोणाकडे न्यायचे

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणी किट वापरायला शिकवायचे ठरले आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत आणि किट कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. किटमध्ये लोह, क्लोराइड, कठीणपणा, क्लोरिन बघता येते. शिशासाठी प्रयोगशाळाच लागते. पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागाकडे, शहरात नगरपरिषद किंवा नगरपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "पाणी खराब आहे" एवढेच लिहू नका. काम कोणत्या तारखेला झाले, किती घरांना चव लागते, पहिल्या, दुसऱ्या आणि उगमाच्या बाटलीत काय दिसले, ते लिहा. शिशाची तपासणी मागताना सकाळच्या पहिल्या धारेचा नमुना घ्यायला सांगा. कर्मचारी आला आणि त्याने पाच मिनिटे नळ सोडून मग बाटली भरली तर जंतूंच्या तपासणीसाठी ते बरोबर आहे, पण पाइपातला धातू तोपर्यंत वाहून गेलेला असतो. जंतूंचा नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच द्यावा लागतो, घरच्या बाटलीत चालत नाही.

पाण्याला गटाराचा किंवा कुजका वास येत असेल, पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे गढूळ असेल आणि घरात जुलाब सुरू झाले असतील, तर बाटल्यांच्या तपासणीत वेळ घालवू नका. नव्या कामात पाइप गटारातून नेला असेल आणि जोड सुटला असेल, तर पाणी बंद असताना गटाराचे पाणी आत ओढले जाते. शेजारी लाइनीला थेट मोटार लावत असतील तर आणखी जास्त. त्या दिवसापासून पाणी उकळून प्या, आशाताईंना कळवा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लाइन उघडून बघायला लावा.